लॅपटॉप तीनदा दुरुस्त होऊनही बंद पडतोय? सर्व्हिस सेंटरला तक्रारीचा ईमेल कसा लिहायचा

मी नागपुरात मानेवाड्याला राहते आणि घरूनच पाच-सहा दुकानदारांचं जीएसटीचं काम करते. २० जुलै २०२४ ला घेतलेला माझा लॅपटॉप मार्च २०२५ मध्ये पहिल्यांदा अचानक बंद पडला. एक वर्षाची वॉरंटी चालू होती, म्हणून मी निर्धास्त होते. पुढच्या सव्वादोन महिन्यांत तो तीनदा कंपनीच्या अधिकृत सर्व्हिस सेंटरला गेला, तिन्ही वेळा ‘दुरुस्त’ होऊन आला आणि तिन्ही वेळा आठवड्याच्या आत तसाच बंद पडला. काउंटरवर तोंडी सांगून काहीच हललं नाही. हललं ते एका ईमेलनंतर. तो ईमेल लिहायला मला दोन दिवस लागले, त्यातला दीड दिवस काय लिहायचं हे न कळल्यामुळे गेला. तुमचा तो दीड दिवस वाचावा म्हणून हे सगळं क्रमाने लिहिते आहे.

## १. आधी हे समजून घ्या: त्यांच्या नोंदीत तुमच्या तीन वेगळ्या तक्रारी आहेत

तुमच्या दृष्टीने लॅपटॉप एकच आणि रोगही एकच. सेंटरच्या संगणकात मात्र प्रत्येक भेटीची नवी जॉबशीट, म्हणजे दुरुस्तीच्या नोंदीचा कागद, नव्या नंबरने तयार होते. लॅपटॉप तुमच्या हातात दिला की ती जॉबशीट बंद होते आणि तिच्यापुढे ‘समस्या सुटली’ अशी नोंद राहते. पुढच्या वेळी काउंटरवर वेगळा मुलगा असतो, आत वेगळा इंजिनिअर असतो, आणि तपासणी पुन्हा पहिल्यापासून सुरू होते.

माझ्या तीन जॉबशीटवर तक्रारीच्या रकान्यात काय लिहिलं होतं बघा. पहिल्यावर ‘सिस्टिम स्लो, रिस्टार्ट’. दुसऱ्यावर ‘गरम होतो’. तिसऱ्यावर ‘ऑन होत नाही’. मी तिन्ही वेळा एकच वाक्य सांगितलं होतं: “लाइन गेली की बॅटरीवर काही मिनिटांत बंद पडतो, बॅटरी अर्धी शिल्लक असताना.” लिहून घेणाऱ्याने त्याच्या यादीतला जवळचा शब्द निवडला आणि मी न वाचता सही केली. त्या शब्दांवरून इंजिनिअरने पहिल्यांदा विंडोज नव्याने टाकलं, दुसऱ्यांदा पंखा साफ करून थर्मल पेस्ट लावली, तिसऱ्यांदा मदरबोर्ड बदलला. बॅटरीला कोणी हातच लावला नाही.

म्हणून ईमेलचं पहिलं काम राग व्यक्त करणं हे नाही. या तीन सुट्या कागदांना एका दोऱ्यात ओवायचं आणि हा एकच न सुटलेला बिघाड आहे हे कंपनीच्या नोंदीत आणायचं, हे त्याचं काम. पुढची सगळी तयारी त्यासाठीच आहे.

## २. कागद आणि नोंदी एका फोल्डरमध्ये आणा

लिहायला बसण्याआधी एवढं जवळ हवं:

- खरेदीचं बिल. त्यावर सीरियल नंबर छापलेला आहे का ते बघा, नसला तर खोक्यावरच्या स्टिकरचा फोटो काढा.
- कंपनीच्या वेबसाइटवर सीरियल नंबर टाकून दिसणारी वॉरंटीची शेवटची तारीख, स्क्रीनशॉटसह.
- प्रत्येक वेळची जॉबशीट, देतानाची आणि घेतानाची, दोन्ही.
- सेंटरकडून आलेले एसएमएस आणि व्हॉट्सअॅप संदेश. ‘तुमचा लॅपटॉप तयार आहे’ हा एसएमएस लॅपटॉप नेमका किती दिवस तिकडे होता हे सिद्ध करतो.
- वॉरंटीच्या अटींची पीडीएफ. बॅटरीची वॉरंटी किती आणि बदललेल्या भागाची किती, या दोन ओळी शोधून खूण करून ठेवा. बऱ्याच लॅपटॉपमध्ये यंत्राची वॉरंटी दोन-तीन वर्षं असली तरी बॅटरीची एकच वर्ष असते.

माझ्याकडे दुसऱ्या वेळची घेतानाची जॉबशीट नव्हती. “सिस्टिममध्ये आहे ना मॅडम, कागद कशाला,” असं सांगून त्यांनी नुसता लॅपटॉप हातात दिला होता. मी सीताबर्डीला पुन्हा चक्कर मारून ती छापून घेतली. तुम्हीही घ्या, कारण काय काम केलं ते तिच्यावरच लिहिलेलं असतं. ‘पंखा साफ केला, तपासणी ठीक’ ही त्यांचीच ओळ पुढे माझ्या सर्वांत जास्त उपयोगी पडली.

## ३. बिघाड ठरवून घडवा आणि नोंदवा

अधूनमधून होणाऱ्या बिघाडाची सगळ्यात मोठी अडचण ही की तो काउंटरवर होत नाही. इंजिनिअर टेबलावर चार्जर लावतो, लॅपटॉप सुरू करतो, अर्धा तास बघतो आणि ‘बिघाड आढळला नाही’ असं लिहितो. तो खोटं बोलत नसतो. त्याने ज्या परिस्थितीत तपासलं, त्या परिस्थितीत बिघाड होतच नाही.

माझ्या लॅपटॉपचं तेच होतं. चार्जर लावलेला असेपर्यंत दिवसभर ठणठणीत. चार्जर काढला आणि हलकं काम केलं तरी ठीक. चार्जर काढून जड काम केलं, की बॅटरी पन्नास-साठ टक्क्यांवर असताना काहीही इशारा न देता काळा पडदा. बॅटरीतला एखादा सेल कमजोर झाला की असं होतं. जास्त वीज ओढली की त्या सेलचा व्होल्टेज एकदम खाली बसतो आणि यंत्र बंद होतं. टक्केवारीचा आकडा मात्र हिशोबाने काढलेला अंदाज असतो, त्याला हे कळत नाही. अर्थात हे मला नंतर समजलं, आणि तेव्हा समजलं असतं तरी ईमेलमध्ये मी ‘बॅटरीचा सेल खराब आहे’ असं ठामपणे लिहिलं नसतं. आपलं निदान चुकलं तर तेवढ्याच मुद्द्यावर सगळी तक्रार फेटाळता येते. लक्षण लिहा, निदान त्यांच्यावर सोडा. कोणता भाग अजून तपासलेलाच नाही हे मात्र जरूर दाखवा.

तर बिघाड कोणत्या पावलांनी होतो ते शोधा. मी असं केलं: बॅटरी शंभर टक्के भरली, चार्जर काढला, स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवला, ब्राउझरमध्ये एक व्हिडिओ लावला आणि एक्सेलची मोठी फाइल उघडून काम सुरू केलं. समोर मोबाइल उभा करून स्क्रीन चित्रित केली, कोपऱ्यातली वेळ आणि बॅटरीची टक्केवारी दिसेल अशी. दोन दिवसांत तीनदा केलं, तिन्ही वेळा बंद पडला: १३ मे ला दुपारी ४.१० ला ५८ टक्क्यांवर, १४ मे ला सकाळी ११.२० ला ५२ टक्क्यांवर आणि त्याच संध्याकाळी ६.४० ला ५५ टक्क्यांवर.

व्हिडिओसोबत विंडोजची स्वतःची नोंदही घ्या. लॅपटॉप बंद पडल्यावर चार्जर लावून सुरू करा, Command Prompt उघडा आणि हे टाका:

```
powercfg /batteryreport
```

बॅटरीचा अहवाल तयार होतो आणि तो कुठे साठवला ते खालच्या ओळीत दिसतं. त्यातल्या Recent usage या भागात लॅपटॉप कधी चालू होता, बॅटरीवर होता की चार्जरवर आणि तेव्हा बॅटरी किती टक्के होती ते वेळेसह असतं. तिथे फक्त शेवटच्या काही दिवसांचाच तपशील मिळतो, म्हणून अहवाल त्याच दिवशी काढून ठेवा.

दुसरी नोंद Event Viewer मधली. त्यात Windows Logs खाली System उघडा आणि Kernel-Power या स्रोताची ४१ क्रमांकाची नोंद शोधा. यंत्र नीट बंद न होता पुन्हा सुरू झालं की ती पडते. ती फक्त ‘अचानक बंद झालं’ एवढंच सांगते, का ते सांगत नाही. पॉवरचं बटण दाबून धरून आपण स्वतः बंद केलं तरी ती पडते, म्हणून या दिवसांत तसं करू नका. पूर्ण नोंदवही बाहेर काढायची तर:

```
wevtutil epl System "%USERPROFILE%\system-log.evtx"
```

या दोन्ही फाइल्स पेनड्राइव्हवर किंवा स्वतःलाच मेल करून ठेवा. पहिल्या भेटीत माझं विंडोज नव्याने टाकलं तेव्हा तोवरच्या सगळ्या नोंदी पुसल्या गेल्या होत्या. ३ मार्चचा पहिला बिघाड माझ्याकडे आता फक्त शब्दांत आहे.

एक खास नागपूरकरांसाठी. एप्रिल-मेमध्ये लॅपटॉप नेला की “इकडच्या उन्हाने होतं” हे उत्तर हमखास मिळतं, आणि ते अगदीच निराधार नसतं. लॅपटॉपच्या पुस्तिकेत तो किती तापमानापर्यंत वापरायचा ते दिलेलं असतं, बहुतेकदा ३५ अंशांच्या आसपास. बाहेर पारा ४४-४५ वर असताना बंद खोलीत ती मर्यादा सहज ओलांडली जाते. म्हणून चाचणी कूलर लावलेल्या खोलीत करा आणि एखादा साधा तापमापक चित्रीकरणात दिसेल असा ठेवा. माझ्या खोलीत तो ३० दाखवत होता. पण लॅपटॉप कूलरच्या थेट झोतात ठेवू नका. तिथल्या दमट हवेने आणि तुषारांनी आत ओल धरली, तर ‘पाणी गेलं आहे’ म्हणून वॉरंटीच नाकारली जाऊ शकते.

## ४. ईमेल कोणाला पाठवायचा

अधिकृत सर्व्हिस सेंटर हे बहुतेक वेळा कंपनीचं स्वतःचं दुकान नसतं, ते दुसऱ्या कुणीतरी कंपनीच्या वतीने चालवलेलं असतं. वॉरंटी देणारी कंपनी आहे. सेंटरला नवा भाग कंपनीच्या मंजुरीशिवाय मिळत नाही, आणि लॅपटॉप बदलून देणं तर त्यांच्या हातातच नसतं. त्यामुळे सेंटरच्या मॅनेजरवर राग काढून उपयोग नाही.

मुख्य पत्ता कंपनीच्या ग्राहक सेवेचा ठेवा. प्रतीत सेंटरचा ईमेल आणि कंपनीच्या तक्रार निवारण अधिकाऱ्याचा ईमेल टाका. तो कंपनीच्या भारतातल्या वेबसाइटवर अगदी तळाशी, बारीक अक्षरांत सापडतो. लॅपटॉप ऑनलाइन घेतला असेल तर त्या विक्री संकेतस्थळाच्या तक्रार अधिकाऱ्यालाही प्रत द्या. ई-कॉमर्ससाठीच्या २०२० च्या नियमांनुसार त्याने ४८ तासांत तक्रारीची पोच आणि एका महिन्यात निवारण द्यायचं असतं.

वेबसाइटवरचा फॉर्म भरणं पुरेसं नाही. फॉर्मची प्रत आपल्याकडे राहत नाही, जोडपत्रं नीट जात नाहीत. फॉर्म भरा, नंबर मिळवा आणि तो नंबर ईमेलमध्ये लिहा.

## ५. ईमेल लिहा

कंपनीची वरची माणसं दुसऱ्या राज्यातली असतात, म्हणून मी तो साध्या इंग्रजीत पाठवला. इथे मराठीत देते. कंसातल्या जागी तुमचा तपशील भरा.

विषय: एकाच बिघाडासाठी ३ अयशस्वी दुरुस्त्या, वॉरंटी चालू, सीरियल नंबर (…), जॉबशीट (…), (…), (…)

> महोदय/महोदया,
>
> मी २० जुलै २०२४ रोजी आपल्या कंपनीचा (मॉडेल) लॅपटॉप ₹५८,९९० ला विकत घेतला. त्याची वॉरंटी १९ जुलै २०२५ पर्यंत आहे. लॅपटॉपमध्ये मार्चपासून एकच बिघाड आहे आणि आपल्या नागपूरच्या अधिकृत सेंटरने तीन वेळा दुरुस्ती करूनही तो कायम आहे.
>
> बिघाड: चार्जर न लावता जड काम केल्यास बॅटरी ५० ते ६० टक्के शिल्लक असताना लॅपटॉप इशाऱ्याशिवाय बंद पडतो. चार्जर लावलेला असताना असे होत नाही.
>
> आतापर्यंतच्या दुरुस्त्या:
>
> १) ५ मार्चला जमा, ८ मार्चला परत. विंडोज नव्याने टाकले. ११ मार्चला पुन्हा बंद.
>
> २) २४ मार्चला जमा, २ एप्रिलला परत. पंखा साफ, थर्मल पेस्ट, ‘तपासणी ठीक’. ९ एप्रिलला पुन्हा बंद.
>
> ३) २१ एप्रिलला जमा, ९ मेला परत. मदरबोर्ड बदलला. १३ मेला पुन्हा बंद.
>
> लॅपटॉप एकूण ३० दिवस सेंटरमध्ये होता. जॉबशीटनुसार बॅटरी एकदाही तपासलेली किंवा बदललेली नाही.
>
> बिघाड असा दिसतो: बॅटरी पूर्ण भरावी, चार्जर काढावा, स्क्रीनचा उजेड पूर्ण ठेवून व्हिडिओ आणि मोठी एक्सेल फाइल एकाच वेळी चालवावी. १३ आणि १४ मे रोजी तीन वेळा असे केले, तिन्ही वेळा ५२ ते ५८ टक्क्यांवर लॅपटॉप बंद पडला. खोलीचे तापमान ३० अंश होते. व्हिडिओ, बॅटरी अहवाल आणि विंडोजची नोंद सोबत आहे.
>
> माझी मागणी: हा बिघाड एकच अखंड तक्रार म्हणून, वॉरंटी काळात नोंदवलेला, असा आपल्या नोंदीत घ्यावा. वरिष्ठ इंजिनिअरकडून बॅटरी आणि चार्जिंगशी संबंधित भाग तपासून ते वॉरंटीत बदलावेत आणि चार्जर काढून वरीलप्रमाणे चाचणी करूनच लॅपटॉप परत द्यावा. या दुरुस्तीनंतरही बिघाड राहिल्यास लॅपटॉप बदलून द्यावा किंवा रक्कम परत करावी.
>
> कृपया ३ दिवसांत केस नंबर आणि जबाबदार व्यक्तीचे नाव कळवावे व २५ मे २०२५ पर्यंत दुरुस्ती पूर्ण करावी. तसे न झाल्यास मला राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइन आणि त्यानंतर जिल्हा ग्राहक आयोगाकडे जावे लागेल.
>
> (नाव, फोन, पत्ता)
>
> जोडपत्रे: बिल, तीन जॉबशीट, बॅटरी अहवाल, नोंदवही, व्हिडिओची लिंक

माझा पहिला मसुदा याच्या तिप्पट होता. त्यात ११ मार्चचा प्रसंग सविस्तर होता. त्या दिवशी जीएसटीआर-१ ची शेवटची तारीख होती, दुपारी लाइन गेली, लॅपटॉप गेला आणि दोन ग्राहकांचं विवरणपत्र मला शेजारच्या मुलाच्या संगणकावरून भरावं लागलं. ते लिहिताना माझे हात थरथरत होते. तरीही मी ते काढलं, कारण वाचणाऱ्याच्या हातात मंजूर करण्यासारखं त्यात काहीच नव्हतं. असा त्रास आणि नुकसान वेगळ्या कागदावर तारखेसह लिहून ठेवा. भरपाई मागायची वेळ आयोगापुढे येते, तेव्हा त्याची गरज पडते.

‘माझी मागणी’ या परिच्छेदात दोन गोष्टी मुद्दाम आहेत. पहिली, ‘वॉरंटी काळात नोंदवलेला एकच बिघाड’. लॅपटॉप दुरुस्तीत पडून राहिला म्हणून वॉरंटी सहसा वाढत नाही, आणि माझी दोन महिन्यांत संपणार होती. चौथी दुरुस्ती लांबली असती तर ‘आता वॉरंटी नाही’ हे ऐकावं लागलं असतं. दुसरी, सरळ बदली न मागता आधी दुरुस्ती आणि मग बदली. दुरुस्त करायचं की बदलून द्यायचं हे कंपनी ठरवेल, असं बहुतेक वॉरंटीच्या अटींत लिहिलेलं असतं. पहिल्याच ओळीत नवा लॅपटॉप मागितला की ती अट चिकटवलेलं उत्तर येतं आणि आठ दिवस जातात. पायरी ठेवली की पहिली पायरी नाकारणं त्यांना अवघड जातं, आणि ती पाळूनही बिघाड राहिला तर दुसरी पायरी आधीच कागदावर असते.

व्हिडिओ मोठा असतो, ईमेलला जोडला जात नाही. ड्राइव्हवर टाकून लिंक द्या आणि ती परवानगी न मागता उघडते का ते दुसऱ्याच्या मोबाइलवर बघा. माझी उघडत नव्हती. भाच्याने सांगितलं म्हणून वेळेत कळलं.

## ६. ठोकळेबाज उत्तर आलं की

तिसऱ्या दिवशी मला उत्तर आलं: गैरसोयीबद्दल दिलगिरी आणि ‘कृपया लॅपटॉप जवळच्या सर्व्हिस सेंटरला न्यावा’. इथेच पुष्कळ जण लॅपटॉप उचलून पुन्हा काउंटरवर जातात, नवी जॉबशीट होते आणि सगळं पहिल्या घरात येतं.

त्याच धाग्यात उत्तर द्या, नवा ईमेल सुरू करू नका. मी एवढंच लिहिलं: ‘लॅपटॉप जमा करायला तयार आहे. त्याआधी या केसचा नंबर, बॅटरी तपासण्याची सूचना सेंटरला दिल्याची प्रत आणि वरिष्ठ इंजिनिअरची वेळ कळवावी. मागील तीन जॉबशीट या केसला जोडल्या आहेत का ते लिहावे.’ फोनवर कोणी बोललं तर बोलणं संपल्यावर दहा मिनिटांत त्याच धाग्यात लिहा: ‘आज दुपारी साडेतीनला आपल्याशी बोलणे झाले, आपण असे सांगितले.’ फोनवर दिलेला शब्द एवढ्यानेच कागदावर येतो.

“बॅटरीचा आरोग्य अहवाल तर चांगला आहे,” असंही एकाने मला फोनवर सांगितलं. माझ्या अहवालात पूर्ण भरल्यावरची क्षमता मूळ क्षमतेच्या नव्वद टक्क्यांच्या वर होती, हे खरंच होतं. पण तो आकडा भार नसताना काढलेला अंदाज असू शकतो. भार पडल्यावर काय होतं ते व्हिडिओत दिसत होतं. मी आकड्यावर वाद घातला नाही, फक्त चार्जर काढून तीच चाचणी करा म्हटलं.

## ७. मुदत टळली तर: आधी १९१५, मग आयोग

२५ मे गेला, दुरुस्तीची तारीख मिळाली नव्हती. २६ मेला सकाळी मी राष्ट्रीय ग्राहक हेल्पलाइनच्या १९१५ वर फोन केला. मराठीत बोलता येतं. तीच तक्रार consumerhelpline.gov.in वरही करता येते, आणि तिथे जोडपत्रं टाकता येतात म्हणून मला ते बरं वाटलं. तक्रारीचा नंबर मिळतो, तो त्याच ईमेलच्या धाग्यात कंपनीला कळवा. हेल्पलाइनला आदेश द्यायचा अधिकार नाही. ती तक्रार कंपनीच्या योग्य माणसापर्यंत पोहोचवते आणि उत्तर मागते. माझ्या बाबतीत दोन दिवसांनी पहिल्यांदा असा माणूस बोलला ज्याने तिन्ही जॉबशीट वाचलेल्या होत्या.

तेवढ्याने भागलं, म्हणून आयोगात मला जावं लागलं नाही. पण तयारी करताना जी माहिती काढली ती देते. ग्राहक संरक्षण कायदा, २०१९ नुसार तुम्ही राहता तिथल्या जिल्हा आयोगात तक्रार करता येते. कंपनीचं कार्यालय कुठेही असो, नागपूरकरांनी नागपुरातच करावी. मुदत वादाचं कारण घडल्यापासून २ वर्षं. ५ लाखांपर्यंतच्या खरेदीला शुल्क नाही आणि वकील लावलाच पाहिजे असं नाही. तक्रार ई-जागृती पोर्टलवरून ऑनलाइन दाखल होते. आयोग दोष दूर करायला, वस्तू बदलून द्यायला, पैसे परत करायला आणि नुकसानभरपाई द्यायला सांगू शकतो. ईमेल आणि व्हिडिओ पुरावा म्हणून देताना भारतीय साक्ष्य अधिनियम, २०२३ च्या कलम ६३ प्रमाणे प्रमाणपत्र मागितलं जाऊ शकतं, म्हणून मूळ व्हिडिओ मोबाइलमधून पुसू नका.

दरम्यान बाहेरच्या दुकानात लॅपटॉप उघडू देऊ नका. सीताबर्डीत तासाभरात बॅटरी बदलून देणारे आहेत आणि मोह होतो. पण वॉरंटीतलं यंत्र दुसऱ्याने उघडलं, एखादा स्क्रू सरकला, तर पुढचा सगळा वाद त्या स्क्रूवर जातो.

## ८. चौथ्यांदा देताना आणि घेताना

देताना सगळा डेटा बाहेर काढा. डेटाला कुलूप लावणारं विंडोजचं BitLocker चालू असेल तर त्याची रिकव्हरी की मोबाइलवर किंवा कागदावर घेऊन ठेवा. मदरबोर्ड बदलला की लॅपटॉप ती की मागतो, आणि ती नसेल तर आतलं काहीच उघडत नाही. चारही बाजूंनी, झाकण उघडून आणि मिटून फोटो काढा. चार्जरही सोबत द्या आणि जॉबशीटवर त्याची नोंद करून घ्या. जॉबशीटवर ‘ओरखडे’ लिहिलं असेल तर ते खरे आहेत का बघा, नसतील तर खोडून घ्या. आणि तक्रारीचा रकाना वाचल्याशिवाय सही करू नका. मी या वेळी ईमेलमधलं बिघाडाचं वाक्य छापून नेलं होतं आणि काउंटरवरच्या मुलाला म्हटलं, “बेटा, हेच वाक्य जसंच्या तसं टाक, मी थांबते.” त्याने टाकलं.

घेताना घाई करू नका. कित्येक कंपन्यांत लॅपटॉप परत देताना मोबाइलवर ओटीपी येतो आणि तो सांगितला की केस बंद होते. आधी चाचणी, मग ओटीपी. ३ जूनला माझ्या लॅपटॉपची बॅटरी बदलली होती. मी काउंटरवरच चार्जर काढून व्हिडिओ आणि एक्सेल लावलं आणि तासभर बाकावर बसून राहिले. बॅटरी ५२ टक्क्यांच्या खाली गेली, ४० झाली, लॅपटॉप चालूच होता. मदरबोर्ड याआधी बदललेला असेल तर यंत्राने दाखवलेला सीरियल नंबर बिलाशी जुळतो का तेही तिथेच बघा:

```
powershell "Get-CimInstance Win32_BIOS | Select-Object SerialNumber"
```

नव्या बोर्डात तो नंबर इंजिनिअरला भरावा लागतो. तो विसरला तर ती जागा रिकामी किंवा भलतीच दिसते आणि पुढच्या वेळी वॉरंटी शोधताना अडचण येते. माझा जुळला.

जॉबशीटवर ‘बॅटरी बदलली’ आणि नव्या बॅटरीचा नंबर लिहून घेतला, मग ओटीपी दिला. घरी येऊन त्याच धाग्यात शेवटचा ईमेल टाकला: ‘आज बॅटरी बदलून लॅपटॉप मिळाला. सेंटरमध्ये चाचणी ठीक. ३० दिवस वापरून पाहते. या काळात हाच बिघाड दिसल्यास ही तक्रार चालू आहे असे समजावे आणि १५ मेच्या ईमेलमधील बदलीची मागणी लागू राहील.’ ३ जुलैपर्यंत रोज संध्याकाळी तासभर मी चार्जर काढून काम केलं आणि टक्केवारी वहीत लिहिली. एकदाही बंद पडला नाही. ४ जुलैला ‘बिघाड दूर झाला’ एवढी एक ओळ पाठवून हेल्पलाइनची तक्रारही बंद केली.